तीन वाचने जुळली म्हणजे नेमके काय जुळले?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये अनुमापनाच्या प्रत्येक प्रयोगाखाली एक तक्ता असतो. पायलट रीडिंग, मग पहिले, दुसरे, तिसरे वाचन आणि शेवटच्या रकान्यात सी.बी.आर., म्हणजे स्थिर आलेले ब्युरेट वाचन. विद्यार्थ्याचे सगळे लक्ष या शेवटच्या रकान्याकडे असते. आकडे जुळले की प्रयोग झाला, असे तो धरून चालतो. पण आकडे जुळतात तेव्हा काही चुका झालेल्या नाहीत एवढेच कळते. दुसऱ्या काही चुका मात्र तिन्ही वाचनांत सारख्याच बसलेल्या असतात आणि जुळलेले आकडे त्यांच्याविषयी काहीच बोलत नाहीत. ब्युरेट हाताळताना कोणती चूक पहिल्या प्रकारची आणि कोणती दुसऱ्या प्रकारची, हे कळले की ब्युरेट धुण्यापासून वाचन घेण्यापर्यंतची प्रत्येक पायरी का करायची हेही कळते.

उदाहरणासाठी आपल्याकडे घराघरांतल्या बारावीच्या मुलांना ठाऊक असलेला प्रयोगच घेऊ. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण आहे. त्याची तीव्रता साधारण ०.०२ मोलर असावी, पण नेमकी किती ते शोधायचे आहे. शंकुपात्रात पिपेटने मोजून १० मिली ऑक्झॅलिक आम्ल घेतले आहे, ते बरोबर ०.०५ मोलर आहे. त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालून पात्र ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि वरून परमँगनेट सोडायचे. सुरुवातीचे थेंब रेंगाळत रंग सोडतात, कारण या अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिला पुढे वेग देतात. ते थोडे साठले की रंग झटपट जाऊ लागतो. शेवटी एक थेंब असा पडतो की त्याचा फिका गुलाबी रंग सुमारे अर्धा मिनिट टिकतो. तो अंतिम बिंदू. वेगळा दर्शक लागत नाही.

आता ब्युरेट भरण्याआधी तो धुण्याकडे वळू. नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतलेला ब्युरेट स्वच्छ असतो पण कोरडा नसतो. आतल्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर असतो, तोटीच्या भोकात आणि खालच्या अरुंद टोकात पाणी अडकलेले असते. हे सगळे मिळून अर्धा मिली आहे असे धरा. पन्नास मिलीच्या ब्युरेटमध्ये तेवढे पाणी मिसळले तर द्रावण एक टक्क्याने पातळ होते आणि १० मिली लागायचे तिथे १०.१ मिली लागतात. शिवाय हे पाणी सगळीकडे सारखे मिसळत नाही. टोकातले पाणी पहिल्याच अनुमापनात खाली येते, ते ब्युरेटच्या आकड्यात धरले जाते, पण त्यात परमँगनेट नसतेच. म्हणून पहिले वाचन जास्त येते आणि पुढची कमी होत जातात. अशी उतरती भाजणी दिसली तर ब्युरेट त्यातल्या द्रावणानेच विसळायचा राहिला, हा पहिला संशय घ्यावा.

विसळण्यासाठी पाचेक मिली परमँगनेट घ्यायचे, ब्युरेट जवळजवळ आडवा धरून सावकाश फिरवायचा म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग भिजतो, आणि मग ते द्रावण वरून न ओतता तोटी उघडून खालच्या टोकातून जाऊ द्यायचे. असे दोन-तीनदा करायचे. एकदाच पंधरा मिली घेऊन का चालत नाही? हिशेब सोपा आहे. अर्धा मिली पाण्यात पाच मिली द्रावण मिसळले आणि ते सोडून दिले, तर मागे राहिलेल्या अर्ध्या मिलीत पाण्याचा वाटा अकरावा भाग उरतो. दुसऱ्या वेळी अकराव्याचा अकरावा, म्हणजे १२१वा भाग. तिसऱ्या वेळी १३३१वा. एकदम पंधरा मिली वापरले तर मात्र ३१वा भाग उरतो. दहा मिली दोन हप्त्यांत वापरून याहून चांगले काम होते. कागदावर पाहिले तर ३१वा भागही फार नाही. पण कागदावरचा हिशेब सगळे नीट मिसळले असे मानतो आणि तोटीच्या भोकातले पाणी इतके शहाण्यासारखे वागत नाही. तीनदा विसळणे हे मुख्यतः त्या कोपऱ्यांसाठी आहे.

हाच नियम शंकुपात्राला लावू नये, आणि नवख्या विद्यार्थ्यांकडून हे नेमके होते. पिपेट ऑक्झॅलिक आम्लाने विसळायची, कारण तिच्यातले द्रावण पातळ होता कामा नये. शंकुपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. त्यात आम्लाचे किती रेणू आहेत हे पिपेटने ठरवून दिलेले असते. पाणी जास्त असले तरी रेणूंची संख्या तीच राहते. पात्र ऑक्झॅलिक आम्लाने विसळले आणि भिंतीवर अर्धा मिली राहिले, तर दहाऐवजी साडेदहा मिली आम्ल झाले. ब्युरेट न विसळण्याने एक टक्का चूक होते, पात्र ‘विसळण्याने’ पाच टक्के.

विसळून झाल्यावर नरसाळ्याने ब्युरेट शून्याच्या थोडा वरपर्यंत भरायचा आणि नरसाळे लगेच काढून ठेवायचे. ते तसेच राहिले आणि अनुमापन चालू असताना त्याच्या दांडीवरून दोन थेंब आत पडले, तर पातळी वर येते आणि वापरलेले द्रावण खऱ्यापेक्षा कमी दिसते. एक थेंब सुमारे ०.०५ मिलीचा, म्हणजे दोन थेंबांत एक पूर्ण लहान रेघ गेली.

भरून झाला, आता खालच्या टोकाकडे पाहा. तोटीच्या खाली हवा अडकलेली असते, हा या कामातला सर्वांत सामान्य दोष आहे. टोकाची पोकळी साधारण दोन मिलिमीटर व्यासाची आणि तीन सेंटिमीटर लांब धरली तर तिच्यात ०.१ मिलीच्या आसपास द्रावण मावते. ती सगळी हवेने भरलेली असताना तुम्ही शून्याचे वाचन घेतले आणि अनुमापन सुरू केले, तर पहिले ०.१ मिली द्रावण शंकुपात्रात न जाता ही पोकळी भरण्यात खर्च होते. ब्युरेटवरची पातळी मात्र उतरलेली असते. म्हणून आकडा ०.१ मिलीने जास्त येतो. बुडबुडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचा हललाच नाही तर काहीच बिघडत नाही, पण तो हलणार नाही याची हमी कोण देणार? आणि सैल बसलेल्या तोटीतून मध्येच हवा आत शिरली तर चूक उलट्या दिशेची होते.

परमँगनेटचा रंग इतका गडद की बुडबुडा सहज दिसत नाही. टोकामागे ट्यूबलाइट किंवा खिडकीचा उजेड येईल असे पाहावे. हवा असलेला भाग उजळ दिसतो. काढायचा उपाय एकच चांगला: खाली बीकर ठेवून तोटी एक-दोन सेकंद पूर्ण उघडायची. जोराच्या धारेबरोबर हवा खाली ओढली जाते. हळूहळू थेंब सोडत बसले तर बुडबुडा आरामात जागेवर राहतो आणि द्रावण त्याच्या कडेने निघून जाते. तरीही हटला नाही तर तोटी उघडी असताना टोकावर बोटाने हलकेच टिचकी मारायची. मग पुन्हा शून्याच्या वर भरायचे आणि पातळी शून्यावर आणायची. टोकाला लोंबणारा थेंब बीकरच्या कडेला लावून काढून टाकायचा, कारण तो कोणत्याच वाचनात नाही, पण शंकुपात्रात पडेल. अनुमापनाच्या शेवटी लोंबणारा थेंब मात्र उलट: पातळीतून तो वजा झालेला आहे, म्हणून तो पात्राच्या आतल्या कडेला लावून डिस्टिल्ड पाण्याने खाली धुऊन घ्यायचा.

जाता जाता भिंतीकडेही नजर टाकावी. द्रावण खाली गेल्यावर भिंतीवर सलग पातळ थर न राहता सुटे थेंब चिकटून राहिले तर काच तेलकट आहे. साबणाच्या पाण्याने घासायला हवी. परमँगनेटच्या ब्युरेटमध्ये कालांतराने मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी डाग धरतो. त्यासाठी मुद्दाम काही आणायला नको, सल्फ्युरिक आम्ल घातलेले ऑक्झॅलिक आम्ल टेबलावर आहेच, ते डाग विरघळवते.

आतापर्यंतच्या बहुतेक चुकांना एक गुण आहे: त्या प्रत्येक वेळी सारख्या होत नाहीत. बुडबुडा एका वाचनात निघून जातो, पुढच्यात नसतो. नरसाळ्यातून थेंब एकदा पडतो. म्हणून त्या वाचनांच्या तक्त्यात दिसतात. पॅरॅलॅक्सची चूक मात्र बहुधा दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी जास्त वेळ देतो.

ब्युरेटच्या रेघा काचेच्या पुढच्या बाजूला आहेत आणि द्रावणाच्या पृष्ठभागाची वाकलेली कड, म्हणजे मेनिस्कस, आपण नळीच्या मध्याशी पाहतो. पन्नास मिलीच्या नेहमीच्या ब्युरेटमध्ये या दोघांत सहा-साडेसहा मिलिमीटरचे अंतर असते. डोळा पातळीच्या बरोबर समोर असेल तर नजर आडवी जाते आणि या अंतराने काही फरक पडत नाही. डोळा वर असेल तर नजर तिरकी खाली उतरते आणि पुढच्या काचेला ती मेनिस्कसच्या खऱ्या उंचीपेक्षा वर छेदते. ब्युरेटचा शून्य वरच्या टोकाला असल्यामुळे वरची रेघ म्हणजे लहान आकडा. म्हणून वरून पाहिले की वाचन कमी येते, खालून पाहिले की जास्त.

किती? डोळा ब्युरेटपासून ३० सेंटिमीटरवर आणि पातळीपेक्षा ५ सेंटिमीटर वर आहे असे समजा. नजरेचा उतार पाचास तीस, म्हणजे एकास सहा. साडेसहा मिलिमीटरच्या अंतरात ती सुमारे १.१ मिलिमीटर सरकते. या ब्युरेटवर ०.१ मिलीची लहान रेघ जवळपास तेवढ्याच अंतरावर असते. पाच सेंटिमीटर डोके वर असणे कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एक पूर्ण रेघ चुकते.

आता नेहमीचे दृश्य पाहा. मुलगी टेबलापाशी उभी आहे, तिचा डोळा ५ मिलीच्या रेघेसमोर येतो. सुरुवातीची पातळी शून्यावर, म्हणजे डोळ्यापेक्षा पाचेक सेंटिमीटर वर आहे. ती खालून पाहते. शेवटची पातळी १० मिलीपाशी, डोळ्यापेक्षा तेवढीच खाली. ती वरून पाहते. खालून पाहून तिने पातळी शून्यावर ‘लावली’, तेव्हा खरे तर ती शून्याच्या ०.१ मिली वर राहिली. शेवटचे वाचन वरून घेतले, त्यात आणखी ०.१ मिली कमी झाले. दोन्ही चुका एकमेकींना खोडत नाहीत, एकाच दिशेला जातात. १० मिलीमागे ०.२ मिली, म्हणजे दोन टक्के कमी. आणि ती तिन्ही वेळा तिथेच, तशीच उभी राहते, त्यामुळे तिन्ही वाचने अगदी छान जुळतात.

एखाद्याला वाटेल, एक अनुमापन शून्यापासून आणि दुसरे वीसपासून सुरू केले तर ही चूक उघडी पडेल. तीही युक्ती इथे चालत नाही. डोळा एकाच उंचीवर राहिला तर चूक पातळी डोळ्यापासून किती दूर आहे त्या प्रमाणात वाढते, म्हणून दोन वाचनांच्या वजाबाकीत ती नेहमी वापरलेल्या मापाच्या त्याच टक्क्यात येते. कुठूनही सुरू करा, दोन टक्के कमीच.

उपाय म्हणजे डोळा हलवणे. वरच्या वाचनासाठी पायाच्या टाचा उंच करण्याऐवजी स्टँड जमिनीवर किंवा खालच्या टेबलावर ठेवावा, खालच्या वाचनासाठी गुडघे वाकवावेत. डोळा नेमका समोर आहे हे कळण्यासाठी जाड कागदाची सरळ कडेची पट्टी ब्युरेटभोवती गुंडाळून मेनिस्कसजवळ धरावी: पट्टीची पुढची कड आणि मागची कड एका रेषेत दिसली की नजर आडवी आहे. ज्या ब्युरेटवर मोठ्या रेघा काचेभोवती पूर्ण फिरवलेल्या असतात तिथे पट्टीही नको, रेघेची पुढची आणि मागची बाजू एकमेकींवर आली की झाले. रंगहीन द्रावणात मेनिस्कसचा सर्वांत खालचा बिंदू वाचतात. परमँगनेटमध्ये तो दिसत नाही, म्हणून वरची कड वाचावी, आणि सुरुवात व शेवट दोन्हीकडे वरचीच. दोन रेघांमधला अर्धा अंदाजाने घेऊन ०.०५ मिलीपर्यंत लिहावे. वेगाने द्रावण सोडले असेल तर भिंतीवरचे खाली उतरायला अर्धा मिनिट थांबावे.

आता तक्त्याकडे. समजा वाचने अशी आली: पायलट १०.७, मग १०.३५, १०.१० आणि १०.०५ मिली. पायलट हे अंतिम बिंदू कुठे येतो याचा अंदाज घेण्यासाठी असते. त्यात द्रावण भराभर सोडतात, म्हणून ते हिशेबात घेत नाहीत. उरलेल्या तिनांतली शेवटची दोन एकमेकांपासून ०.०५ मिलीवर आहेत. शाळा-महाविद्यालयाच्या कामात ०.१ मिलीच्या आत जुळलेली वाचने सुसंगत मानायची पद्धत आहे. या दोघांची सरासरी १०.०८ मिली. परमँगनेटच्या दोन रेणूंना ऑक्झॅलिक आम्लाचे पाच लागतात, म्हणून तीव्रता निघते ०.०१९८ मोलर. चारही आकड्यांची सरासरी काढली असती तर १०.३० मिली आणि ०.०१९४ मोलर. दोन टक्क्यांचा फरक केवळ वाईट वाचने सरासरीत ओढल्यामुळे.

१०.३५ सोडून द्यायचे खरे, पण कारण शोधून. ते पहिले होते, म्हणजे बुडबुडा निघून गेला असेल किंवा टोकात पाणी राहिले असेल, आणि पुढची दोन त्याला दुजोरा देतात. कारण न शोधता हवे ते आकडे जुळेपर्यंत करत राहणे आणि मग जुळलेली जोडी उचलणे, याला मी सुसंगत वाचन म्हणणार नाही. पुरेशा वेळा केले तर कोणत्यातरी दोन वाचनांची गाठ पडणारच. अवघड प्रसंग येतो तो १०.००, १०.१० आणि १०.२० असे आले तेव्हा. शेजारचे शेजाऱ्याशी जुळते, पण टोकाची दोन जुळत नाहीत. इथे चौथे अनुमापन करायला हवे.

आणि जर्नलमध्ये सगळीकडे दिसणारे १०.०, १०.०, १०.०? एक थेंब ०.०५ मिलीचा, ‘अ’ वर्गाच्या ५० मिली ब्युरेटवर आंतरराष्ट्रीय मानकाने मान्य केलेली तफावतही ०.०५ मिलीचीच. प्रामाणिकपणे केलेल्या तीन अनुमापनांत एखाद्या थेंबाचा फरक निघणे स्वाभाविक आहे. सी.बी.आर. म्हणजे तिन्ही आकडे शब्दशः एक, हा आग्रह शिक्षकांनी सोडावा असे मला मनापासून वाटते, कारण त्या आग्रहापोटी मुले तिसरे वाचन घेण्याआधीच लिहून ठेवतात.

सुसंगत वाचने, मग, एवढेच सांगतात की तिन्ही वेळा हात सारखा चालला. नजर सरळ होती का, हे तपासायला तराजू लागतो. ब्युरेटमध्ये डिस्टिल्ड पाणी भरा, कोरड्या झाकणाच्या बाटलीचे वजन करा, आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचन घेत १० मिली पाणी बाटलीत सोडा आणि पुन्हा वजन करा. २५ अंश सेल्सिअसला १० मिली पाण्याचे वजन ९.९७ ग्रॅमच्या जवळ भरते. मघाच्या मुलीसारखे एकाच जागी उभे राहून वाचणाऱ्याच्या ‘१० मिली’ पाण्याचे वजन १०.१७ ग्रॅमच्या आसपास येईल. तेच पुन्हा, या वेळी स्टँड खाली घेऊन आणि कागदाची पट्टी लावून, करून पाहावे. दोन वजनांतला फरक हा त्या एका व्यक्तीच्या उभे राहण्याच्या सवयीचा आकडा असतो.